रोजचा चहा आणि प्रीडायबेटिस : साखर, गूळ की गोळी? आधी चमचा वजनकाट्यावर ठेवा

नागपूरच्या महाल भागात राहणारे सत्तेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले ते दोन रिपोर्ट घेऊनच. पहिला दिवाळीनंतरचा होता, त्यात एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.९ होता. दुसरा चार महिन्यांनंतरचा, त्यात ६.१. उपाशीपोटीची साखर १०८. रिपोर्टच्या तळाशी छापलेलं असतं त्याप्रमाणे ५.७ ते ६.४ एचबीएवनसी किंवा उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबेटिस. ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मॅडम, साखर तं मी बंदच करून टाकली नं. चहाबी गुळाचाच पितो. मंग आकडा वाढला काहून?"

हा प्रश्न मी नागपुरात इतक्यांदा ऐकला आहे की आता त्याचं उत्तर तोंडी देत नाही, काट्यावर देते. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, उद्यापासून तीन दिवस चहा जसा पिता तसाच प्या. फक्त गूळ कपात जाण्याआधी वजनकाट्यावर ठेवा आणि लिहून आणा." सोबत त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना आठवेल तशी जुन्या दिवसांची साखरही तोलून आणायला सांगितली, म्हणजे आधी ज्या चमच्याने जितकी टाकत होत्या तितकीच.

तीन दिवसांनी आलेला हिशेब असा. घरचे तीन चहा: पहाटेचा, नाश्त्याचा आणि संध्याकाळचा. साखर असताना दर कपाला ९ ग्रॅम जायची, म्हणजे २७ ग्रॅम. ऑफिसच्या वेळेत सीताबर्डीवर टपरीचे दोन. तिथली साखर तोलता येत नाही, म्हणून दर चहाला ८ ग्रॅम धरली, ते १६. एकूण ४३ ग्रॅम. गूळ सुरू केल्यावर मात्र घरच्या प्रत्येक कपात १४ ग्रॅम किसलेला गूळ पडत होता. कारण साधं होतं: "तितका टाकल्याशिवाय गोडच लागत नाही." तीन कपांचा ४२ ग्रॅम गूळ झाला. शंभर ग्रॅम गुळातून ओलावा आणि क्षार वजा केले तर साधारण ८५ ग्रॅम निव्वळ साखरच उरते. म्हणजे ४२ ग्रॅम गुळातून ३६ ग्रॅम साखर आली. बाहेरचे दोनही आता गुळाच्या चहाचे, त्यांचे तेच १६ धरले. बेरीज ५२.

साखर बंद केल्यावर त्यांच्या पोटात रोज ९ ग्रॅम साखर जास्त जात होती. जेवणानंतर तोंडात टाकलेला गुळाचा खडा मी यात धरलेलाच नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच त्यांना स्पष्ट सांगितली. ५.९ चं ६.१ झालं ते सगळं चहामुळेच, असं म्हणता येत नाही. एकाच माणसाचं रक्त दोनदा तपासलं तरी इतका फरक पडू शकतो. पण गुळाने आकडा खाली येईल ही जी आशा होती, तिला आधार नव्हता, हे काट्याने दाखवलं.

गूळ शरीरात गेल्यावर काय होतो

साखर म्हणजे सुक्रोज. लहान आतड्यात त्याचे दोन तुकडे होतात, अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोज थेट रक्तात दिसतं, फ्रुक्टोज बहुतेक यकृताकडे जातं. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असतं, आणि थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज तर आधीच सुटं झालेलं असतं. गुळात तंतू नसतात. त्याचा रंग, वास, क्षार यांतलं काहीही हे पचन सावकाश करत नाही. "गूळ हळूहळू चढतो" हे आपण घरोघरी ऐकतो, पण चहात विरघळलेल्या गुळाला हळू चढायला काही कारणच नाही.

मग लोहाचं काय? गुळात लोह असतं हे खरंच आहे. शंभर ग्रॅमला चार-पाच मिलिग्रॅमच्या आसपास, भेलीगणिक फरक पडतो. १४ ग्रॅम गुळातून अर्धा-पाऊण मिलिग्रॅम मिळेल. आयसीएमआरच्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम लोह लागतं. शिवाय ते आपण टाकतो कशात, तर चहात. चहातलं टॅनिन वनस्पतीजन्य लोहाला बांधून ठेवतं आणि आतड्यात शोषू देत नाही. लोहासाठी गूळ खायचा असेल तर त्याची सगळ्यात वाईट जागा म्हणजे चहाचा कप. ज्या ताई हिमोग्लोबिन कमी म्हणून गुळाचा चहा पितात, त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. साखर वाढते आणि रक्तही भरत नाही.

चव आवडते म्हणून गूळ हवा असेल तर त्याला माझी हरकत नाही. अट एकच: जितके ग्रॅम साखर घेतली असती तितकेच ग्रॅम गूळ घ्यायचा, वर एकही नाही. गोडी कमी लागेल, ती कमी लागू द्यायची. दूध फाटू नये म्हणून पाणी, पत्ती आणि गूळ आधी उकळून घ्या, गॅस बंद करा आणि वेगळं तापवलेलं दूध वरून घाला. दूध-गूळ एकत्र उकळले की गुळातल्या आम्लाने आणि क्षारांनी दूध फाटतं. फाटू नये म्हणून मग लोक गुळाची तयार पावडर किंवा चहाचं प्रिमिक्स आणतात. त्याच्या पाकिटामागची घटकांची यादी वाचायला शिका. त्यात सगळ्यात जास्त वजनाचा घटक सर्वात आधी लिहितात. समोर मोठ्या अक्षरात गूळ आणि मागे पहिल्या क्रमांकावर साखर, असंही सापडतं. पिवळाधमक गूळ शुद्ध असं समजू नका. तो रंग बहुधा ब्लीच करणाऱ्या रसायनाचा असतो. काळपट गूळ त्या मानाने बरा, पण तोही साखरच.

पायरी पहिली : तीन दिवसांचा हिशेब

स्वयंपाकघरात वापरायचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा इथे पुरतो. नसेल तर नेहमीच्या किराणा दुकानात जाऊन आपला घरचा चमचा एकदा तोलून आणा. सपाट भरलेल्या लहान चमच्यात साधारण ४ ग्रॅम साखर बसते, शिगोशीग भरला तर ६-७. "मी दोनच चमचे घेतो" म्हणणारा माणूस ८ ग्रॅमही घेत असतो आणि १४ ग्रॅमही. त्यामुळे चमच्यांची संख्या सांगण्यात काही अर्थ नाही.

दिवसातल्या प्रत्येक चहासमोर चार गोष्टी लिहा: वेळ, कप किती मोठा, गोड काय आणि किती ग्रॅम, सोबत काय खाल्लं. सोबतचं खाणं लिहायला लोक विसरतात, किंवा खरं सांगायचं तर टाळतात. पुढे आपल्याला त्याचीच गरज पडणार आहे.

घरात चहा सगळ्यांचा एकाच गंजात होत असेल तर एका माणसाची साखर कळतच नाही. म्हणून हे तीन दिवस आपला चहा साखर पडायच्या आधी गाळून घ्यायचा आणि गोड आपल्या कपात टाकायचं. खरं तर ही सवय कायमची ठेवावी. माझ्या अनुभवात घरातल्या एका माणसाची साखर कमी होते ती याच एका बदलाने, कारण चहा मांडणाऱ्या बाईच्या हातावर मग काहीच अवलंबून राहत नाही आणि तिच्याशी रोज वादही होत नाही.

आता बेरीज कशाशी ताडून पाहायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनाप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली असावी, आणि पाच टक्क्यांखाली असेल तर आणखी चांगलं. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला ते अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. यात गूळ आणि मध दोन्ही मोजतात. दुधातली स्वतःची लॅक्टोज यात धरत नाहीत. हा आकडा सगळ्या दिवसाचा आहे, नुसत्या चहाचा नाही. म्हणून प्रीडायबेटिस असलेल्या माझ्या लोकांना मी चहासाठी १२ ते १५ ग्रॅम एवढीच जागा देते. सणावाराची संत्रा बर्फी आणि बिस्किटांत लपलेली साखर उरलेल्यात बसली पाहिजे.

पायरी दुसरी : स्वतःच्या बोटावर पाहा

आमच्या या भाऊंना माझ्या बोलण्यापेक्षा ग्लुकोमीटर जास्त पटला. आम्ही ठरवलं ते असं. सकाळी उपाशीपोटी एकदा तपासायचं, मग चहा प्यायचा, ४५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. रिकाम्या पोटी पातळ पदार्थातली साखर पटकन चढते, म्हणून दोन तास थांबलं तर चढ निघून गेलेला असतो. चहा रोज तोच: ८० मिली दूध, ७० मिली पाणी, एक चमचा पत्ती. मधल्या वेळात काही खायचं नाही, फिरायला जायचं नाही. आदल्या रात्रीचं जेवणही साधारण सारखंच. प्रत्येक प्रकार दोन-दोन सकाळी.

त्यांच्या आकड्यांची सरासरी अशी आली. काहीच गोड न टाकलेला चहा: १०७ वरून ११५. दुधाच्या साखरेने आणि सकाळी शरीर आपणहून सोडतं त्या ग्लुकोजने एवढं वाढतंच. ९ ग्रॅम साखरेचा: १०८ वरून १३१. १४ ग्रॅम गुळाचा: १०६ वरून १३६. सुक्रालोज या कृत्रिम गोडीच्या एका गोळीचा: १०९ वरून ११६.

हे आकडे वाचताना घाई करू नका. घरच्या मीटरला ठरलेल्या मानकाप्रमाणे १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते. तेव्हा साखरेची चढ २३ आणि गुळाची ३०, म्हणून गूळ साखरेहून वाईट, असा निष्कर्ष यातून निघत नाही. गूळ साखरेपेक्षा बरा ठरला नाही, एवढाच निघतो. गोळीचा चहा आणि फिका चहा मात्र जवळजवळ सारखेच आले.

मग मी त्यांना एक सकाळ अजून मागितली. गोळीचाच चहा, पण सोबत नेहमीची चार मारी बिस्किटं. १०९ वरून आकडा थेट १४५ ला गेला. मारी बिस्किटाच्या वजनाचा तीन चतुर्थांश भाग कर्बोदक असतो, त्यात मैदाही आला आणि साखरही. "म्हणजे बिनसाखरेचा चहा साखरेच्या चहाहून वर गेला?" ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. चहात काय टाकायचं यावर महिनोन्‌महिने चर्चा करणाऱ्या घरांत बशीतल्या बिस्किटांवर कोणी बोलत नाही. टोस्ट आणि खारी यांचंही असंच आहे. सकाळी तर्री पोह्यांसोबत चहा घेत असाल तर ४५ मिनिटांनंतरचा आकडा पोह्यांचाच असेल, त्यावरून चहातल्या गोडाची परीक्षा करू नका.

या तपासणीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली हाताची. एका सकाळी या भाऊंनी १८७ आकडा पाहून घाबरून मला फोन केला. विचारल्यावर कळलं की गूळ त्यांनी स्वतःच फोडला होता आणि हात नुसता पुसून बोटाला सुई टोचली होती. साबणाने हात धुऊन, कोरडा करून, दुसऱ्या बोटावर पुन्हा घेतलं तर १३४. बोटाला चिकटलेला गुळाचा कण रक्ताच्या थेंबात मिसळला की मीटर तोही मोजतो. सॅनिटायझरने साखर निघत नाही, पाणी आणि साबणच लागतो. आकडा अचानक ४०-५० ने उडालेला दिसला तर औषधाचा विचार करण्याआधी हात धुवा.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. पट्ट्यांच्या डबीवर साधारण ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात नागपूर ४५ ला पोचतं आणि गाडीच्या डिक्कीत किती होतं ते सांगायलाच नको. डबी डिक्कीत विसरली असेल तर त्या पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका. घरातल्या सर्वात थंड, कोरड्या खोलीत ठेवा, झाकण घट्ट लावा. फ्रिजमध्ये मात्र नको, तिथे ओल धरते.

पायरी तिसरी : गोळी कुठे चालेल, कुठे नको

कृत्रिम गोडीबद्दल लोक दोन टोकांना असतात. एकाला ती विष वाटते, दुसऱ्याला औषध. आधी हे पाहा की पाकिटात नेमकं काय आहे.

अस्पार्टेम साखरेच्या सुमारे दोनशे पट गोड असतं. उकळत्या चहात त्याची गोडी कमी होत जाते, आणि मग माणूस दुसरी गोळी टाकतो. ते कपातच, पिण्याआधी टाकायचं. फिनाइलकीटोन्युरिया हा दुर्मीळ जन्मजात आजार असलेल्यांनी ते घेऊच नये, पाकिटावर तसं लिहिलेलंही असतं. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अस्पार्टेमला "कदाचित कर्करोगकारक" अशा गटात टाकलं आणि आपल्याकडे फोनवर फोन फिरले. त्याच वेळी सुरक्षित मात्रा ठरवणाऱ्या तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा तशीच ठेवली: शरीराच्या दर किलोला दिवसाला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला २८०० मिलिग्रॅम होतात. एका गोळीत ते साधारण १८-२० मिलिग्रॅम असतं. दोन गोळ्यांवाल्याने या बातमीने झोप उडवून घेऊ नये.

सुक्रालोज सहाशे पट गोड, आणि चहाच्या उष्णतेला टिकतं. आपल्या लोकांवरचा एक उपयोगी अभ्यास २०२४ मध्ये चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनमधून आला. मधुमेह असलेल्या १७९ भारतीयांपैकी काहींनी बारा आठवडे चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज घेतलं. एचबीएवनसीत दोन गटांमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. वजन आणि कंबर किंचित उतरली. म्हणजे गोळीने नुकसान दिसलं नाही, पण नुसत्या गोळीने साखरेचा आकडाही पडला नाही. हे लोक मधुमेही होते, प्रीडायबेटिसचे नव्हते, हेही लक्षात ठेवा.

याच्या उलट बाजूला इस्रायलचा २०२२ चा प्रयोग आहे. तिथे निरोगी प्रौढांना दोन आठवडे वेगवेगळी कृत्रिम गोडी दिली, तर सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता थोडी बिघडलेली दिसली, काहींत जास्त, काहींत नाही. आतड्यातल्या जिवाणूंचा त्यात हात असावा असं त्यांनी दाखवलं. स्टेव्हिया आणि अस्पार्टेम यांनी तसा परिणाम केला नाही. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला किंवा पुढचे आजार टाळायला या गोडीवर भिस्त ठेवू नका. ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. प्रीडायबेटिसवाले मात्र तिच्यात येतात.

हे सगळं एकत्र पाहून मी जे सांगते ते असं: गोळी हा पूल आहे, घर नाही. दिवसाला एक किंवा दोन, आणि तीही जिथे साखर कमी करणं आपल्या हातात नाही तिथल्या चहाला. तीन महिन्यांत ती सोडायची. पावडरपेक्षा गोळी बरी, कारण पावडरीत जागा भरायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा लॅक्टोज घातलेलं असतं आणि चमचा भरताना मात्राही सुटते. आणि सर्वात मोठा धोका रसायनाचा नाही, हिशेबाचा आहे. "चहात तर गोळी टाकली" म्हणून नंतर एक पेढा जास्त जातो.

पायरी चौथी : उतरत जायचं

जीभ गोडाला सवयीने सरावते आणि सवयीनेच सुटते, पण तिला दर पायरीला दहा-बारा दिवस द्यावे लागतात. एकदम बंद करणारे बहुतेक दुसऱ्या आठवड्यात परत फिरतात. भाऊंचा घरचा कप ९ ग्रॅमवर होता. गूळ बंद करून साखरच ठेवली, कारण तिचा चमचा दर वेळी सारखा भरतो. पहिले दहा दिवस ७ ग्रॅम, मग ५, मग ४. प्रत्येक टप्प्याला त्यांच्या पत्नीने चमच्याच्या आत नेलपॉलिशने रेघ मारली, रोज काटा काढायची गरज पडली नाही.

त्याच वेळी चहा करायची पद्धत बदलली, आणि खरा आधार तिनेच दिला. आपण चहा आठ-दहा मिनिटं खदखदवतो. त्यात टॅनिन इतकं उतरतं की जीभ आवळते, आणि तो तुरटपणा मारायला साखर लागते. पत्ती टाकल्यावर दोन मिनिटं उकळून झाकून ठेवा आणि गाळा. आलं हवं तर पत्तीआधी पाण्यात उकळून घ्या. वेलदोडा शेवटी, ठेचून. वेलचीच्या वासाने थोडी साखरही जास्त गोड वाटते. गवती चहाही चांगला. या पद्धतीने ५ ग्रॅमचा कप त्यांना आधीच्या ७ सारखा लागला, असं ते स्वतःच म्हणाले.

टपरीचं मात्र वेगळं. तिथे साखर पातेल्यातच उकळलेली असते. "साखर कमी" म्हणून उपयोग नाही, चहावाल्याच्या हातात तेव्हा काही उरलेलं नसतं. मार्ग दोन: ओळखीचा चहावाला असेल तर त्याला वेगळा फिका चहा करायला सांगून त्यात आपली गोळी टाकायची, नाहीतर दोनातला एक चहा सोडायचा. भाऊंनी दुपारचा सोडला आणि साडेअकराचा फिका करून घेतला. ऑफिसातल्या मशीनच्या चहात पावडरीतच साखर मिसळलेली असते, तो मी धरतच नाही.

सव्वा महिन्यानंतर त्यांचा हिशेब असा होता: घरचे तीन कप चार-चार ग्रॅमचे, १२ ग्रॅम. बाहेरचा एक, गोळीचा. बिस्किटं बंद, त्याऐवजी मूठभर फुटाणे. चहातली साखर ५२ वरून १२.

पायरी पाचवी : पुढचा रिपोर्ट, आणि आपल्याकडची एक खास अडचण

एचबीएवनसी तीन महिन्यांनीच करा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेली साखर आपण मोजतो. महिन्याभरात केलेला रिपोर्ट जुन्या सवयींचाच अर्धा हिशेब दाखवतो. भाऊंचा तीन महिन्यांनी ५.८ आला, उपाशीपोटी १०२, वजन दोन किलो कमी. त्या काळात ते रोज संध्याकाळी अंबाझरीला चालायलाही लागले होते, म्हणून याचं श्रेय चहाला किती आणि चालण्याला किती, हे मी सांगू शकत नाही आणि त्यांनाही तसंच सांगितलं.

विदर्भात राहणाऱ्यांनी हा आकडा वाचताना सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, विचार करावाच. आपल्याकडे काही समाजांत त्याचं प्रमाण बरंच आहे आणि अनेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं. सिकलसेलचा आजार असेल तर तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीएवनसी फसवं कमी येतं. वाहकांमध्ये ते तपासणीच्या पद्धतीवर अवलंबून असतं. याच्या उलट लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात ते खोटं वाढलेलं येऊ शकतं. घरात कोणाला सिकलसेल असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, किंवा मीटरचे आकडे आणि एचबीएवनसी एकमेकांशी जुळतच नसतील, तर डॉक्टरांना तसं सांगा आणि उपाशीपोटीची व ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची तपासणी करून घ्या. दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे प्रीडायबेटिस, २०० किंवा वर गेलं तर मधुमेहाचा विचार. गरोदर बायकांनी यातलं काहीही स्वतःवर लावू नये, त्यांची मापं वेगळी असतात.

भाऊंच्या पत्नीचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. नवऱ्याबरोबर त्याही चार महिने गुळाचा चहा पीत होत्या, रक्त वाढावं म्हणून. त्यांना मी चहा जेवणापासून एक तास लांब ठेवायला सांगितलं, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या सुरू करवून घेतल्या, आणि सिकलसेलची तपासणी आधी करायला लावली.